कर्ण्यावरचं स्वागत

एका गावात एक मास्तर होते. नाव केरबा धनवडे. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, पण गावानं काही त्यांना निवृत्त होऊ दिलं नव्हतं. निगडेवाडीत कुणाचंही लग्न असो, मांडवात पहिला आवाज केरबा मास्तरांचाच. उपाध्यांची मंगलाष्टकं त्यानंतर. त्याआधी माईक हातात घेऊन दोन्हीकडच्या मंडळींचं स्वागत करायचं, आणि सहा दिशांना तोंडं करून गप्पा मारणाऱ्या सात-आठशे माणसांना एका लग्नात आणून बसवायचं, हे काम मास्तरांचं.

वाटतं तेवढं हे काम सोपं नाही. नुसतं ‘या, बसा’ म्हणून भागत नाही. कुणाला आधी हाक मारायची आणि कुणाला नंतर, याचा क्रम असतो. मास्तरांचा क्रम ठरलेला होता. पहिल्यांदा ग्रामदैवत. मग दोन्ही घराण्यांतली आज हयात नसलेली वडीलधारी माणसं, कारण मांडव त्यांच्याच पुण्याईवर उभा असतो. मग पाहुणे. मांडव मुलीकडचा असला की मुलाकडच्यांचं स्वागत आधी आणि घरच्यांचं शेवटी. त्यातही आजी-आजोबा, आई-वडील, चुलते, मामा, आत्या, मावशा, अशी पायरीपायरीनं हाक. मग सोयरेधायरे, मग ग्रामस्थ, मग माता-भगिनी. आणि अगदी न चुकता मांडव घालणारे, वाजंत्री, आणि मागं चुलीच्या धगीत उभे असलेले आचारी. या लोकांचं नाव दुसरं कुणी घेत नाही, मास्तर मात्र घ्यायचे.

त्यानंतर चार सूचना. अक्षता प्रत्येकाच्या हातात पोचल्या का ते बघा. ‘सावधान’ ऐकल्यावरच टाका, आधी नको. लांबून मारू नका, अक्षता म्हणजे गोफणीचा दगड नव्हे. इथं मांडव हसायचा, आणि हसला की शांत व्हायचा. मास्तर तेवढ्याचीच वाट बघत असायचे. त्या शांततेत ते आवाज खाली आणून शेवटचं वाक्य म्हणायचे, “मामा, आता भाचीला घेऊन या.” वधूचे मामा घरात जायचे. गौरीहराची पूजा करत बसलेल्या मुलीला हाताला धरून बोहल्यावर आणायचे आणि तिच्या पाठीशी उभे राहायचे. माईक उपाध्यांच्या हातात जायचा.

एवढं सगळं उपाध्यांच्या घड्याळानं सहा मिनिटांत.

आणि या सहा मिनिटांत मास्तर एकाही माणसाचं नाव घ्यायचे नाहीत. वर, वधू आणि दोन घराण्यांची आडनावं, बस्स. बाकी सगळे नात्यानं. कुणी विचारलं तर म्हणायचे, “आत्या म्हटलं की सगळ्या आत्यांना पोचतं. शांताआत्या म्हटलं की एकीला पोचतं आणि तिघी रुसतात.” चाळीस वर्षांत या नियमामुळे त्यांच्या मांडवात कुणी रुसलं नव्हतं. लग्नाचा मांडव आणि कुणी रुसलं नाही, ही गोष्ट किती अवघड आहे ते ज्यांनी लग्नं लावली आहेत त्यांना विचारा.

अशा शहाण्या माणसाची बुद्धी एके दिवशी फिरली, त्याची ही गोष्ट.

आनंदराव धुमाळांच्या सुगंधाचं लग्न ठरलं. सुगंधा मास्तरांची विद्यार्थिनी, पहिली ते चौथी. मुलाकडचे इंगवले, साधी आणि समंजस माणसं. मुहूर्त दुपारी बारा वाजून छत्तीस मिनिटांचा. लग्नाच्या आदल्या दिवशी आनंदराव मास्तरांकडे आले. खाली बसले, पाणी प्यायले, आणि टोपी सारखी करत म्हणाले, “मास्तर, ह्या वेळी नावं घ्यायला लागतील बरं का.”

“कुणाची?” मास्तरांनी विचारलं.

“मोठमोठी माणसं येणार हायती. चेअरमन संपतराव स्वतः येणार. नाव घेतलं न्हाई तर बरं दिसत न्हाई.”

“आनंदराव, एक नाव घेतलं की शंभर घ्यावी लागतात.”

“घ्या की मग शंभर! तुमचा आवाज काय झिजतोय व्हय?” आनंदराव हसले आणि हळूच पुढं म्हणाले, “आणि चेअरमन तुमचा सत्कार करणार हायती. शाल, श्रीफळ. स्वागत झालं की लगेच. सगळ्या मांडवासमोर.”

इथं मास्तर घसरले. चाळीस वर्षं हा माणूस गावभराच्या लग्नांत दुसऱ्यांचं स्वागत करत आला होता. आजवर त्यांचं स्वागत कुणीच केलं नव्हतं. जेवणाच्या पंगतीतसुद्धा ‘मास्तर घरचेच’ म्हणून त्यांना शेवटी बसवायचे. शाल म्हटल्यावर त्यांना गारठ्यात ऊन लागावं तसं वाटलं. ते नाही म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत. पण अशा वेळी गप्प बसणं म्हणजेच हो.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला मांडव भरला. समोरच्या वडाच्या फांदीला दोन कर्णे बांधले होते. एकाचं तोंड गावाकडे आणि दुसऱ्याचं दोन शेतं पलीकडच्या एसटीच्या थांब्याकडे, म्हणजे उतरणाऱ्या पाहुण्यांना लग्न कुठं आहे ते विचारावं लागू नये. मास्तरांनी धुतलेला सदरा घातला होता. त्यांनी माईकवर टिचकी मारली, ग्रामदैवताला नमस्कार केला, आणि मग खिशातून आनंदरावांनी दिलेली यादी काढली. यादीत अठरा नावं होती.

पहिली तीन नावं होईपर्यंत ठीक होतं. चौथं नाव माजी उपसरपंचांचं. ते ऐकून आजी उपसरपंचांनी मान वळवून आनंदरावांकडे पाहिलं. आनंदराव लगबगीनं आले आणि मास्तरांच्या हातात एक चिठ्ठी सरकवली. उपसरपंच झाले. मग उपसरपंचांच्या साडूंची चिठ्ठी आली. मग सोसायटीचे संचालक. मग ‘आपल्या व्यस्त कार्यक्रमातून वेळ काढून आलेले’ एक जण. ते सकाळी आठपासून मांडवात पत्ते खेळत होते. यादी बाजूला राहिली आणि चिठ्ठ्यांचा पाऊस सुरू झाला. लग्नपत्रिकेच्या मागं लिहिलेल्या, बिडीच्या बंडलाच्या कागदावर लिहिलेल्या, एक तर चक्क तळहातावर लिहिलेली. एका गृहस्थानं आपल्या स्वागताची चिठ्ठी आपणच आणून दिली आणि वर मास्तरांच्या कानात म्हणाला, “मी दिली म्हणून सांगू नका.”

मास्तर वाचत होते. “...यांचंही या ठिकाणी हार्दिक स्वागत.” पुन्हा “...यांचंही या ठिकाणी हार्दिक स्वागत.” ‘या ठिकाणी’ हा शब्द त्यांनी किती वेळा म्हटला असेल ते देव जाणे. ठिकाण तेच होतं, कुठं जात नव्हतं. प्रत्येक नावाला एक माणूस खूश व्हायचा आणि दहा जण आपल्या नावाची वाट बघत घुम्म व्हायचे. लहान मुलांनी हातातल्या अक्षता खाऊन टाकल्या. म्हाताऱ्या बायका पदरानं वारा घेऊ लागल्या. आचाऱ्याचा निरोप आला की भात झालाय, आता त्याला कोण धरून ठेवणार? आणि उपाध्ये, ज्यांचं घड्याळ आजवर मास्तरांचं कौतुक करत आलं होतं, ते डोळे मोठे करून मनगटाकडे बोट दाखवू लागले.

मास्तर मनातल्या मनात चरफडत होते. आनंदरावांवर, चिठ्ठ्यांवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. पण थांबत नव्हते. एकेचाळीस झाली होती. बेचाळिसाव्याला नाही कसं म्हणायचं? एकदा तोंड उघडलं की बंद कुठं करायचं, हे नावं घेणाऱ्याच्या हातात राहत नाही.

बारा वाजून दहा मिनिटांनी बेचाळिसाव्या नावाची चिठ्ठी आली. ती चांगली टंकलेली होती. चेअरमन संपतरावांची. मास्तरांनी घाम पुसला आणि मुलांना धडा वाचून दाखवावा तशी ती सरळ वाचली. “दूध संस्थेचे कर्तबगार चेअरमन, आणि आजच्या मंगल सोहळ्यातील वधूचे मामा, मा. संपतराव, यांचं या ठिकाणी हार्दिक स्वागत!”

संपतराव उठले, चारी दिशांना हात जोडले. टाळ्या झाल्या. लगेच त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. भरजरी शाल होती. मास्तरांना गहिवरून आलं. त्या गहिवरात त्यांना काही खटकलं नाही. पुढं त्यांनी सवयीनं शेवटचं वाक्य म्हटलं, “मामा, आता भाचीला घेऊन या.”

संपतराव पुन्हा उठले आणि घरात गेले.

थोड्या वेळानं परत आले. एकटेच. चेहरा लाल. जागेवर जाऊन बसले.

त्यांच्या पाठोपाठ सुगंधाची आई, हौसाबाई, उंबऱ्याबाहेर आली. मांडवात बोहल्याजवळ मुलीची आई कधी अशी धावत येत नाही. ती आली आणि मास्तरांसमोर उभी राहिली. डोळे भरलेले होते.

“मास्तर, पोरगी उठंना झालीया.”

“का? काय झालं?”

“माझा भाऊ गेला, मास्तर. धोंडी निघून गेला.”

धोंडीमामा! हौसाबाईंचा एकुलता एक सख्खा भाऊ. पलीकडच्या गावचा पाटकरी. कालव्याचं पाणी ज्याची पाळी असेल त्याच्या शेतात सोडायचं, आणि पाळी संपली की बंद करायचं, हे त्याचं काम. सुगंधा शाळेत होती तेव्हा दर दिवाळीला तो तिला आजोळी न्यायला यायचा. शाळेच्या दाराशी टोपी काढून उभा राहायचा आणि मास्तरांनाच विचारायचा, “गुरुजी, भाचीला न्यावं का?” मास्तर त्याला चांगले ओळखत होते. आणि तरी त्यांनी ती चिठ्ठी वाचली होती. संपतरावांची आई आणि हौसाबाईंची आई या लांबच्या मावसबहिणी. त्या हिशेबानं निम्म्या तालुक्याला मामा म्हणता आलं असतं.

“झालं काय नेमकं?” मास्तरांनी विचारलं.

हौसाबाई पदरानं डोळे पुसत सांगू लागली, “पहाटेपासनं गौरीहराच्या खोलीच्या दाराशी उभा हुता. पिवळी साडी त्यानंच आणलीया, मामाकडची म्हणून. मी न्हेसवली तिला. मी म्हटलं, मांडवात जाऊन बस की जरा. म्हणला, ‘न्हाई ताई, मास्तर मामा म्हणून हाक मारत्यात, तेव्हा इथंच असायला पायजे.’ आणि मग कर्ण्यातनं ते... ते ऐकलं. तसाच हुबा राहिला. मग म्हणला, ‘ताई, माझी पाळी दुसऱ्याला गेली. असू दे.’ आणि मागल्या दारानं गेला. एसटीच्या थांब्यावर.”

“आणि सुगंधा?”

“ती म्हणती, ‘माझा मामा आल्याबिगार मी गौरीहरापासनं हलणार न्हाई. तिन्हीसांज होऊ दे न्हाईतर उद्या उजाडू दे.’”

हे ऐकून उपाध्ये पुढं आले. “मास्तर, बारा वीस झाले. मुहूर्ताला सोळा मिनिटं राहिलीत. पुढचा मुहूर्त पंचांगात परवाचा आहे.”

आता आनंदराव आले. घामानं भिजले होते. खरं म्हणजे ती टंकलेली चिठ्ठी त्यांनी सकाळीच वाचली होती. वाचून घडी केली होती. चेअरमनना कशाला दुखवा, धोंडी काय घरचाच, तो समजून घेईल, असा त्यांचा विचार. घरच्या माणसानं समजून घ्यायचं आणि बाहेरच्यानं मान घ्यायचा, हा आपल्याकडचा जुना न्याय आहे. ऐकून ऐकून कान किटले त्याचे.

“मास्तर, आता एक करा,” आनंदराव कुजबुजले. “तुम्ही आणखी धा-पंधरा नावं घ्या, मांडव धरून ठेवा. मी गडी पाठवतो थांब्यावर. धोंडीच्या कानात सांगतो, चूक झाली म्हणून. सुगंधाच्या पण कानात सांगतो. कुणाला कळायचं न्हाई.”

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. सकाळपासून जो संताप ते गिळत होते तो वर आला.

“आणखी नावं?” ते म्हणाले. “आनंदराव, बेचाळीस नावं घेऊन एक माणूस घालवला. आणखी दहा घेऊन काय सुगंधालाही घालवू?”

“मग काय करायचं? चेअरमन बसल्यात समोर. सगळ्यांसमोर कसं बोलायचं?”

“सगळ्यांसमोर कसं बोलायचं?” मास्तर म्हणाले. “आनंदराव, त्याला घालवला तो सगळ्यांसमोरच ना? कर्ण्यावर केलेली चूक कानात दुरुस्त होत नाही.”

असं म्हणून त्यांनी खांद्यावरची शाल काढली. तिची नीट घडी केली, कारण शालीचा काही दोष नव्हता, आणि ती खुर्चीवर ठेवली. त्यावर नारळ ठेवला. यादी आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलून सदऱ्याच्या खिशात कोंबला. सत्तर वर्षांच्या माणसाला आठशे जणांपुढं ‘माझं चुकलं’ म्हणायचं होतं. वर्गातल्या पोरांकडून त्यांनी हे हजार वेळा म्हणवून घेतलं होतं, पण स्वतः म्हणायची वेळ आली की जीभ जड होते, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

त्यांनी माईक घेतला.

“मंडळी, जरा ऐका. माझं एक चुकलं आहे.”

मास्तरांचं चुकलं, हे कुणी कधी ऐकलं नव्हतं.

“मघाशी मी एक चिठ्ठी वाचली आणि वधूचे मामा म्हणून भलत्या पाहुण्यांचं नाव घेतलं. ज्यांचं नाव घेतलं ते आपले सन्माननीय पाहुणे आहेत. पण सुगंधाचे मामा ते नव्हेत. लिहिणाऱ्यानं काय लिहिलं ते राहू द्या. वाचणारा मी होतो, आणि मला माहीत होतं. चूक माझी. जे स्वागत मी केलं ते स्वागतच नव्हतं, ती हजेरी होती. म्हणून ते मी परत घेतो, आणि पुन्हा पहिल्यापासून करतो. उपाध्येबुवा, सहा मिनिटं द्या. घड्याळ लावा.”

संपतराव ताडकन उठले. “असं कसं, मास्तर? मामा न्हाई म्हणता, मग मी कोण?”

तेवढ्यात पहिल्या रांगेत बसलेली नवऱ्या मुलाची आजी, इंगवल्यांची म्हातारी, काठी टेकत म्हणाली, “तुम्ही पाव्हणं, बाबा. आमच्यासारखंच. बसा, आन् अक्षता घ्या हातात.”

कुणीतरी खरंच त्यांच्या हातात अक्षता ठेवल्या. मुठीत अक्षता घेऊन भांडता येत नाही. संपतराव बसले.

आणि मास्तरांनी स्वागत केलं. आधी निगडेवाडीची ग्रामदेवी. मग धुमाळ आणि इंगवले या दोन्ही घराण्यांतले आज नसलेले हात, ज्यांनी विहिरी खणल्या आणि घरं उभी केली. मग इंगवल्यांकडची मंडळी. आजी, जिनं आत्ताच आम्हाला शहाणपण शिकवलं, तिला पहिला नमस्कार. मांडव हसला. वराचे आई-वडील, चुलते, मामा, आत्या, मावशा. तुम्ही उन्हातून आलात, आमच्या वेंधळेपणात एवढा वेळ बसलात, त्याबद्दल हात जोडतो. मग धुमाळांकडचे सोयरेधायरे. ग्रामस्थ. माता-भगिनी. मांडववाले, वाजंत्री, आणि चुलीपुढं उभे असलेले आचारी, ज्यांचा भात आता आमच्या पापानं मऊ झाला आहे. मागून आचारी ओरडला, “न्हाई मास्तर, धरलाय अजून!”

एकाही माणसाचं नाव नव्हतं, आणि ज्याच्या त्याच्या लक्षात येत होतं की हे आपल्याला म्हटलं. बेचाळीस जणांनी आपापली नावं मघाशी ऐकली होती, पण आत्ताच्या या हाकेला तेही खुर्चीत सरळ बसले.

अक्षतांची सूचना झाली. गोफणीचा दगड झाला. मांडव हसून शांत झाला. मग मास्तर वळले आणि थांब्याकडे तोंड केलेल्या कर्ण्याकडे बघत बोलू लागले.

“वधूचे मामा. आज पहाटेपासून जे दाराशी उभे होते, ज्यांनी भाचीला पिवळी साडी आणली, त्यांना ही हाक आहे. तुमची पाळी कुणाला गेलेली नाही. ती कुणाला देता येत नाही, ती तुमचीच आहे. मी चुकीच्या शेतात पाणी सोडलं, मला क्षमा करा. सुगंधा गौरीहरापाशी बसून आहे. तुम्ही हाताला धरल्याशिवाय तिला उठता येत नाही, आणि ती उठल्याशिवाय हे लग्न लागत नाही. आम्ही सगळे थांबलो आहोत. मामा, आता भाचीला घेऊन या.”

त्यांनी माईक खाली ठेवला. उपाध्यांच्या घड्याळात सहा मिनिटं झाली होती.

पोरंसुद्धा गप्प. आणि त्या शांततेत दोन शेतं पलीकडून एसटीचा हॉर्न ऐकू आला. गाडी थांबल्याचा आवाज आला. सगळा मांडव तिकडं मान वळवून बसला होता. हौसाबाईंनी तोंडाला पदर लावला. मास्तर उभेच होते. त्यांच्या मनात एकच होतं, की हा माणूस जर चढला असेल तर त्या पोरीला मी काय तोंड दाखवू.

बेल वाजली. गाडी निघाली. धुळीचा लोट रस्त्यानं लांब लांब गेला.

धूळ खाली बसली तेव्हा बांधावरून एक माणूस चालत येताना दिसला. घाईघाईनं, पण पळत नाही. मांडवाजवळ आल्यावर त्यानं पायातल्या वहाणा काढल्या, टोपी झटकली, परत घातली. आठशे माणसं आपल्याकडं बघताहेत हे पाहून तो अगदी ओशाळला. मास्तर दोन पावलं पुढं गेले आणि त्यांनी हात जोडले.

“धोंडीबा, चुकलो मी.”

“अहो, काय हे मास्तर!” धोंडीमामा घाबराघुबरा होऊन म्हणाला. “एवढ्या मोठ्यानं कशाला हाक मारायची? मी काय गेलो हुतो व्हय? जरा पाणी प्यायला गेल्तो थांब्यावर.”

निगडेवाडीच्या थांब्यावर पाणी नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तिथं नळ आहे, पण तो बसवल्यापासून कोरडाच आहे. आनंदरावांनी मान खाली घातली आणि मेव्हण्याला घरात जायला वाट करून दिली.

धोंडीमामा आत गेला. गौरीहरापाशी सुगंधा तशीच बसली होती, डोळ्यांत पाणी आणि हनुवटी घट्ट. दाराशी उभा राहून त्यानं शाळेच्या दारात विचारायचा तसं विचारलं, “भाचीला न्यावं का?” सुगंधानं हात पुढं केला.

बारा वाजून चौतीस मिनिटांनी वधू बोहल्यावर आली. पिवळ्या साडीत. मामा तिच्या पाठीशी उभा राहिला. उपाध्यांनी अंतरपाट धरायला लावला, माईक हातात घेतला, घड्याळाकडे पाहिलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसले. बरोबर छत्तिसाव्या मिनिटाला अक्षता पडल्या. लांबून कुणी मारल्या नाहीत.

पुढचं सांगण्यासारखं फारसं नाही. संपतरावांचा रुसवा जेवणापर्यंत टिकला, आणि पहिली जिलेबी पानात पडल्यावर गेला. आनंदरावांनी पंगतीत धोंडीमामाच्या पानावर स्वतः तूप वाढलं आणि कितीतरी वेळ वाढतच राहिले, शेवटी त्यानंच हात आडवा धरला. ती शाल खुर्चीवर विसरली ती विसरलीच. तिच्यावर आधी नारळ होता, मग नारळ कुणीतरी फोडला, आणि मग दोन म्हातारे तिच्यावर बसून पान खात होते.

चिठ्ठ्या मात्र मास्तरांनी जपून ठेवल्या. तेव्हापासून कुणी लग्नाआधी येऊन ‘मास्तर, या वेळी नावं घ्या’ म्हणालं, की ते काही वाद घालत नाहीत. खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून तो गठ्ठा काढतात, समोर ठेवतात आणि म्हणतात, “ही बेचाळीस नावं आहेत. ज्याचं नाव घ्यायला हवं होतं ते यात शोधून दाखवा.”

तात्पर्य: शंभर जणांना मान दिला, आणि ज्याचा हक्काचा होता त्याला तो चुकवला, तर तो मान नव्हे. आणि चूक चारचौघांत केली असेल तर तिची क्षमा कोपऱ्यात मागू नये; ज्या आवाजात चूक केली त्याच आवाजात ती सुधारावी.